चाळीसची बाटली, शंभरची बाटली: औषधावरचे मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम आणि आययू

प्रश्न: आईला (वय ६८) ३०/७० इन्सुलिन आहे, सकाळी २० आणि रात्री १६ युनिट. बाटलीवर नेहमी ४० आययू/मिली असं लिहिलेलं असतं. या वेळी भावाने आणलेल्या बाटलीवर १०० आययू/मिली आहे, नाव मात्र तेच. सिरिंज घरात आहेत त्या जुन्याच, लाल टोपीच्या. शिवाय तिला थायरॉइडची ५० एमसीजीची गोळी आणि व्हिटॅमिन डीचा ६०,००० आययूचा सॅशे आहे. एमजी, एमसीजी आणि आययू यांत फरक काय, एकाचं दुसऱ्यात रूपांतर कसं करायचं, आणि चुका नेमक्या कुठे होतात?

उत्तर:

आधी आज रात्रीच्या डोसबद्दल. १०० आययू/मिलीची बाटली लाल टोपीच्या सिरिंजने वापरू नका. जुनी बाटली मुदतीत असेल आणि तिच्यात औषध उरलं असेल तर तीच वापरा. नसेल तर दुकानात जाऊन ४० ची बाटली बदलून आणा. नवीच बाटली ठेवायची असेल तर तिच्याबरोबर चालणाऱ्या नारिंगी टोपीच्या, म्हणजे १०० च्या सिरिंज घ्या आणि लाल टोपीच्या घरातून काढून टाका. नव्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजने एखादा डोस आधीच दिला गेला असेल, तर पुढचं वाचणं थांबवा, आईंची साखर आत्ता तपासा आणि डॉक्टरांना फोन करा.

आता कारण. मी रुग्णालयाच्या औषध विभागात फार्मासिस्ट आहे, आणि इन्सुलिनच्या ज्या चुका आमच्यापर्यंत येतात त्यांत ही जोडी बिघडण्याची चूक वारंवार दिसते. तिच्या मुळाशी एक समजूत असते, की सिरिंज युनिट मोजते. सिरिंज युनिट मोजत नाही. कुठलीही सिरिंज फक्त किती द्रव आत आला एवढंच मोजते. तिच्यावर छापलेले युनिटचे आकडे एका अटीवर खरे असतात: आत ओढलेलं इन्सुलिन तिला ठरवून दिलेल्या तीव्रतेचंच असलं पाहिजे.

लाल टोपीच्या सिरिंजवर १ मिलीचे ४० भाग केलेले असतात. म्हणून २० च्या रेघेपर्यंत ओढलं की आत अर्धा मिली द्रव येतो. बाटलीत दर मिलीला ४० युनिट असतील तर अर्ध्या मिलीत २० युनिट बसतात आणि रेघ खरी ठरते. त्याच सिरिंजने १०० ची बाटली २० च्या रेघेपर्यंत ओढा. द्रव तेवढाच, अर्धा मिली. पण त्यात आता ५० युनिट आहेत. रात्रीचे १६ म्हणून जे ओढाल त्यात ०.४ मिली द्रव, म्हणजे ४० युनिट असतील. डोस अडीच पट झाला, आणि बघणाऱ्याला सिरिंजमध्ये काहीही वेगळं दिसलं नाही. इन्सुलिन ४० चं असो की १०० चं, रंगावरून किंवा दाटपणावरून ते ओळखता येत नाही. ३०/७० दोन्हीकडे सारखंच दुधाळ दिसतं.

भारतात हा घोळ होण्याचं कारण म्हणजे दोन्ही तीव्रता बाजारात शेजारी शेजारी आहेत. बाटल्या बहुतेक ४० च्या असतात, पेनमध्ये घालायची ३ मिलीची कार्ट्रिज १०० ची असते, आणि काही इन्सुलिनच्या बाटल्याही १०० च्या मिळतात. पेन वापरणाऱ्याला याचा त्रास होत नाही, कारण पेनचं चाक त्याच्या कार्ट्रिजच्या हिशोबाने युनिट मोजतं. अडचण येते ती पेन बिघडल्यावर. ऐकण्यात वारंवार येणारा प्रसंग असा: रात्रीच्या जेवणाआधी पेनचं बटण अडकतं, दुकान बंद झालेलं असतं, आणि घरातलं कुणीतरी कार्ट्रिजच्या रबरात जुनी सिरिंज टोचून ‘नेहमीचे सोळा’ ओढून देतं. झाले चाळीस. जेवण पोटात असतं म्हणून पहिले एक-दोन तास काही जाणवत नाही. मध्यरात्रीनंतर माणूस घामाने थबथबून उठतो, हात थरथरतात, किंवा तो उठतच नाही आणि शेजारी झोपलेल्याला त्याच्या विचित्र बडबडीने जाग येते. त्यामुळे पेनमधून किंवा कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढायचंच नाही, कितीही अडलं तरी. दर मिलीला ३०० युनिट असलेली पेनही आता आहेत. तिथे हाच उद्योग केला तर लाल टोपीच्या सिरिंजने डोस साडेसात पट होतो.

उलटी चूक मला जास्त काळजीची वाटते, कारण ती ओरडत नाही. समजा बाटली ४० चीच आहे, पण सिरिंज नारिंगी टोपीची आली. तिच्यावर १ मिलीचे १०० भाग असतात. १६ च्या रेघेपर्यंत ओढलं तर आत येतं ०.१६ मिली, आणि ४० च्या हिशोबाने ते होतात ६.४ युनिट. आईंना निम्म्याहूनही कमी औषध मिळालं. रात्री काही घडत नाही. घडतं ते पुढच्या तपासणीत: साखर वाढलेली दिसते, डॉक्टर पथ्याबद्दल विचारतात आणि डोस वाढवतात. २४ करतात, मग ३२, मग ४०. चुकीच्या सिरिंजवरच्या ४० च्या रेघेला ०.४ मिली द्रव येतो, म्हणजे बरोबर १६ युनिट. आता साखर आटोक्यात येते आणि सगळ्यांना वाटतं, डोस एकदाचा जुळला.

पुढे कधीतरी हा रुग्ण ताप किंवा पडझडीसाठी रुग्णालयात भरती होतो. नातेवाईक अगदी प्रामाणिकपणे सांगतात, ‘रात्री चाळीस घेतात.’ केसपेपरवर ४० लिहिलं जातं. परिचारिका ४० च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजने, एकही चूक न करता, खरे ४० युनिट देते. आजारपणामुळे जेवण आधीच कमी झालेलं असतं. पहाटे साखर कोसळते. इथे प्रत्येकाने आपापलं काम नीट केलेलं असतं. चूक सहा महिन्यांपूर्वी सिरिंज घेताना झालेली असते. म्हणून भरती होणाऱ्या रुग्णाचा इन्सुलिनचा आकडा ऐकला की आमच्याकडे पहिली विनंती असते, घरची बाटली आणि घरची सिरिंज दोन्ही दाखवा. आकडा एकटा काहीच सांगत नाही. डोस वाढवूनही साखर हलत नसेल, तर तुम्हीही डॉक्टरांकडे जाताना या दोन्ही वस्तू बरोबर न्या.

तुम्ही कदाचित विचाराल, की गणित कळलंय तर लाल सिरिंजनेच १०० ची बाटली हिशोब करून का वापरू नये? २० युनिट म्हणजे ०.२ मिली, म्हणजे लाल सिरिंजवरची ८ ची रेघ. गणित बरोबर आहे. तरीही मी ते घरी करू देत नाही. आज इंजेक्शन तुम्ही देता, उद्या तुम्ही गावाला गेलात की भाऊ देईल, परवा आई स्वतः घेतील. ‘वीस म्हणजे आठ’ हे एकाच्या डोक्यात असतं, कागदावर मात्र वीसच असतं. बाटली आणि सिरिंज यांची जोडी बरोबर असली की कोणालाच काही लक्षात ठेवावं लागत नाही. खरेदी करताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दुकानाच्या काउंटरवरच एकमेकांशेजारी धरून वाचा. टोपीचा रंग ही मदत आहे, पुरावा नाही. टोपी हरवते, बदलते. सिरिंजच्या नळीवर छापलेला ४० किंवा १०० हा पुरावा.

बाटलीवर आणखी दोन आकडे असतात आणि तेही फसवतात. ‘१० मिली’ हा बाटलीतला एकूण द्रव, त्यामुळे ४० च्या बाटलीत एकूण ४०० युनिट असतात. त्याचा एका डोसशी संबंध नाही. आणि ‘३०/७०’ हा लवकर काम करणारं आणि सावकाश काम करणारं इन्सुलिन यांच्या प्रमाणाचा आकडा आहे. ‘सकाळी ३०/७०’ एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवरून सकाळी ३० युनिट दिले जाणं ही अगदी शक्य असलेली चूक आहे. चिठ्ठीवर औषधाचं पूर्ण नाव वेगळं आणि युनिटचा आकडा वेगळा असला पाहिजे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, आययू म्हणजे काय.

मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम ही दोन्ही वजनं आहेत. १ ग्रॅमचे १००० मिलिग्रॅम, १ मिलिग्रॅमचे १००० मायक्रोग्रॅम. पदार्थ कुठलाही असो, हे नातं बदलत नाही. आययू हे वजन नाही. आंतरराष्ट्रीय युनिट म्हणजे त्या पदार्थाने केलेल्या कामाचं माप. एक चमचा बेडगी तिखट आणि एक चमचा लवंगी तिखट वजनाला सारखं भरेल, पण आमटीत पडल्यावर सारखं लागणार नाही. स्वयंपाक करणारी व्यक्ती वजन विचारत नाही, तिखटपणा विचारते. जी औषधं प्राण्यांच्या अवयवांतून किंवा नैसर्गिक स्रोतांतून काढली जात, त्यांच्या बाबतीत हाच प्रश्न होता. १९२० च्या दशकात टोरोंटोमध्ये इन्सुलिन पहिल्यांदा तयार झालं तेव्हा प्रत्येक खेपेची शुद्धता वेगळी असे. एका खेपेच्या १ मिलिग्रॅममध्ये जेवढा जोर, तेवढा दुसरीत नसे. मग वजनाऐवजी उपाशी सशाची रक्तशर्करा किती खाली येते यावरून युनिट ठरवलं गेलं. पुढे एक ठरावीक प्रमाण नमुना सगळ्या देशांनी मान्य करायचा आणि त्याच्याशी ताडून युनिट सांगायचे, अशी पद्धत बसली. आज हे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेखीखाली ठरतात.

म्हणजे प्रत्येक पदार्थाचं युनिट स्वतंत्रपणे ठरलेलं आहे. म्हणूनच ‘१ आययू म्हणजे किती मिलिग्रॅम’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. व्हिटॅमिन डीचे ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम. व्हिटॅमिन एचं १ आययू म्हणजे रेटिनॉलचे ०.३ मायक्रोग्रॅम. मानवी इन्सुलिनचे सुमारे २९ युनिट मिळून १ मिलिग्रॅम होतो, तर व्हिटॅमिन डीचे ४० हजार आययू मिळून तेवढाच १ मिलिग्रॅम होतो. एका औषधाचा भाव दुसऱ्याला लावता येत नाही. इंटरनेटवर ‘आययू टू एमजी’ असं शोधून जो पहिला आकडा येतो तो कुठल्या पदार्थाचा आहे हे न पाहता वापरणं धोक्याचं आहे. आणि तुमच्या तिन्ही औषधांपैकी एकाचंही रूपांतर करायची तुम्हाला गरज नाही. चिठ्ठीवर जे एकक, तेच वेष्टनावर शोधायचं. वेगळं दिसलं तर घरी गणित मांडायचं नाही, दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारायचं.

व्हिटॅमिन डीच्या सॅशेकडे याच नजरेने बघा. ६०,००० आययू म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे केवळ दीड मिलिग्रॅम. आकडा आययूत प्रचंड वाटतो, मिलिग्रॅममध्ये क्षुल्लक वाटतो, आणि दोन्ही भावना निरुपयोगी आहेत. उपयोगाची तुलना अशी: निरोगी प्रौढाने दीर्घकाळ दररोज घ्यायची सुरक्षित कमाल मर्यादा ४००० आययू मानली जाते. एका सॅशेत तिच्या १५ पट औषध आहे. म्हणून तो आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच देतात, साधारणपणे ८.

इथली चूक एककाची नसते, वाराची असते. घरात बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, चिठ्ठीवर १-०-१ अशी रोजची भाषा असते, आणि चार सॅशे एकदम हातात आले की ते रोज एक या चालीने संपतात. किंवा कोर्स संपल्यावरही ‘हाडांना चांगलं’ म्हणून महिनोन्‌महिने चालू राहतात. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं आणि लघवीवाटे सहज निघून जात नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. भूक मरते, उलट्या होतात, बद्धकोष्ठ होतो, तहान आणि लघवी वाढते, वयस्कर माणूस गोंधळल्यासारखा वागतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. यातली बरीच लक्षणं मधुमेहाच्या रुग्णात साखरेच्या किंवा वयाच्या नावावर खपून जातात. औषध थांबवल्यावरही परिणाम लगेच ओसरत नाही, कारण साठा हळूहळू रिकामा होतो. आईंच्या सॅशेच्या पाकिटावर एक ठरावीक वार मोठ्या अक्षरात लिहा, आणि त्या कॅल्शियमची गोळी घेत असतील तर तिच्यातही व्हिटॅमिन डी आहे का ते पाहा. बहुतेक वेळा असतं. मधल्या काळात कुणी ६ लाख आययूचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. वेष्टनावर ते स्वल्पविरामाशिवाय सलग शून्यांत छापलेलं असलं तर ६० हजार की ६ लाख हे घाईत कळत नाही.

घरात तान्हं बाळ असेल तर याच औषधाची आणखी एक जागा लक्षात ठेवा. बाळाला साधारण रोज ४०० आययू देतात. त्यासाठीचे थेंब काही बाटल्यांत ४०० आययू/मिली असतात, काहींत ८०० आययू/मिली. आणि मोठ्यांसाठीच्या एका छोट्या बाटलीत ५ मिलीमध्ये ६०,००० आययू असतात. थेंबांच्या ऐवजी त्या बाटलीतलं १ मिली दिलं गेलं तर बाळाच्या पोटात १२,००० आययू जातात, म्हणजे ३० दिवसांचा डोस एका दिवसात. द्रव औषधाच्या वेष्टनावर ‘किती’ याच्या मागोमाग ‘कितीमध्ये’ हे वाचल्याशिवाय काहीच वाचलेलं नसतं.

थायरॉइडच्या गोळीचं त्या मानाने सोपं आहे. ५० एमसीजी म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. तुमची मावशी किंवा भाऊ परदेशातून तीच गोळी घेऊन आले तर तिच्यावर कदाचित ०.०५ एमजी असं लिहिलेलं दिसेल. औषध तेवढंच आहे. एमसीजीच्या जागी एमजी वाचलं तर हजार पट फरक पडतो, हे सगळीकडे सांगितलं जातं आणि ते खरं आहे. पण गोळीच्या बाबतीत एक गोष्ट आपलं रक्षण करते: ५० मिलिग्रॅम भरायला हजार गोळ्या लागतील, आणि तिथे कोणीही थांबेल. गोळ्यांमध्ये खरी चूक त्याहून लहान आणि म्हणून पचून जाणारी असते. १२.५ मधला टिंब फिकट पडला की १२५ होतात, आणि या गोळीच्या १२.५ आणि १२५ या दोन्ही ताकदी मिळतात. हाच डोस दहा पट. आठवड्या-दोन आठवड्यांनी छातीत धडधड, हातांना कंप, झोप न लागणं असं सुरू होतं. वयस्कर हृदयाला ते झेपत नाही.

इंजेक्शनमध्ये मात्र ते रक्षण नसतं, कारण हजार पट औषधही एका छोट्या बाटलीत मावतं. २००७ साली लॉस एंजेलिसमध्ये अभिनेता डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांना हेपरिन देताना हेच झालं. हेपरिन रक्त गोठू नये म्हणून देतात आणि तेही युनिटमध्येच मोजतात. द्यायचं होतं १० युनिट/मिलीचं, दिलं गेलं १०,००० युनिट/मिलीचं. बाटल्या दिसायला एकमेकींच्या जवळच्या होत्या. बाळं वाचली, पण तोवर त्यांच्या रक्ताचं गोठणं पार बिघडलं होतं.

हस्ताक्षराबद्दल थोडं सांगते, कारण घरची टिपणं तुम्हीच लिहिणार आहात. युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू हे अक्षर आकड्याला चिकटवून लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. आययू घाईत लिहिलं की आयव्ही, म्हणजे शिरेतून, असं वाचलं जातं. मायक्रोग्रॅमसाठीचं म्यू हे ग्रीक अक्षर हाताने लिहिलं की एमसारखं दिसतं, आणि मायक्रोचं मिली होतं. म्हणून अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली यू आणि आययू ही अक्षरं रुग्णांच्या कागदपत्रांवर लिहायला मनाई केली. पूर्ण शब्द लिहायचा. त्याच यादीत शून्यांचे दोन नियम आहेत: दशांशचिन्हाआधी शून्य हवंच (०.५, नुसतं .५ नाही), आणि पूर्णांकानंतर दशांश-शून्य नकोच (५, ५.० नाही, कारण टिंब पुसट झाला की ५० होतात).

आपल्याकडे याच्या जोडीला एक घरगुती अडचण आहे, ती त्या यादीत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजी अंकांत असते आणि घरी कॅलेंडरवर किंवा फ्रिजवर आपण ते मराठी अंकांत उतरवतो. घाईत लिहिलेला मराठी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो, मराठी १ इंग्रजी नऊसारखा. ‘१४’ हे पाहणारा इंग्रजी शाळेत शिकलेला नातू असेल किंवा परप्रांतातून आलेली मदतनीस असेल, तर ते ९८ कोणी वाचणार नाही, पण ‘४ युनिट’चे ८ सहज वाचले जातील. घरात इंजेक्शन देणारी सगळी माणसं ज्या अंकांत वाचतात त्याच एका पद्धतीत लिहा, आणि शेजारी अक्षरातही लिहा: रात्री सोळा युनिट, ४० ची बाटली, लाल टोपीची सिरिंज. बाटली आणि सिरिंज यांचा उल्लेख नसलेली इन्सुलिनची नोंद मी अपुरी मानते.

राहिला प्रश्न डोस जास्त गेल्याचा. आई शुद्धीवर असतील आणि साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या आणि नंतर काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा. आणि अडीच पट डोस गेल्याची खात्री असेल, तर आत्ता साखर १४० दिसली तरी रुग्णालयातच न्या. ३०/७० मधला सावकाश काम करणारा भाग पुढचे बरेच तास काम करत राहतो, त्यामुळे एकदा साखर देऊन वर आलेला आकडा काही तासांनी परत घसरतो. रात्री हे घरी एकट्याने सांभाळण्यासारखं नाही.

रुग्णालयात जाताना बाटली, वापरलेली सिरिंज आणि कुठल्या रेघेपर्यंत कधी ओढलं याची वेळ एवढं बरोबर ठेवा. डॉक्टरांना ‘सोळा दिले’ असं सांगू नका. ‘शंभरच्या बाटलीतून चाळीसच्या सिरिंजने सोळाच्या रेघेपर्यंत, रात्री आठ वाजता’ असं सांगा. त्यावरून त्यांना खरा डोस तिथल्या तिथे काढता येतो, आणि आईंना किती तास देखरेखीखाली ठेवायचं तेही ठरवता येतं.